व्हीलॅन वेगळे, स्विच एकच: दोन विभागांमधला रस्ता ‘एसव्हीआय’ कसा उघडतो?

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो की सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, ओपीडीत आलेल्या रुग्णाचा प्रवास साधारण सारखाच असतो. आधी नोंदणीची खिडकी, मग डॉक्टर, मग रक्त तपासणी, मग बिल आणि औषधं. प्रत्येक ठिकाणी एक कॉम्प्युटर असतो आणि प्रत्येक कॉम्प्युटरला दुसऱ्या विभागातली माहिती लागते. लॅबचा रिपोर्ट ओपीडीत दिसला नाही, तर देवळी किंवा समुद्रपूरहून आलेल्या माणसाला कागदासाठी जिने चढ-उतार कराव्या लागतात.

तरीही चांगल्या नेटवर्कमध्ये हे विभाग मुद्दाम एकमेकांपासून तोडलेले असतात. तोडायचं आणि पुन्हा जोडायचं, हा उलटा वाटणारा उद्योग कशासाठी? आणि जोडणी करणारी ‘एसव्हीआय’ ही गोष्ट नेमकी काय आहे? ती बंद पडली, तर कळतं कसं?

पुढे समजावण्यासाठी वर्धा जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचं काल्पनिक नेटवर्क घेतलं आहे. आकडे आणि पत्ते उदाहरणापुरते आहेत. कमांड मात्र खऱ्या, सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आहेत. इतर कंपन्यांच्या स्विचवर शब्द थोडे बदलतात, तत्त्व तेच राहतं.

आधी तोडायचं कशाला?

साध्या स्विचला दोनशे कॉम्प्युटर जोडले, तर ते सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे असतात. एकाने ‘प्रिंटर कुठे आहे?’ असं ओरडून विचारलं, की उरलेल्या सगळ्यांना ते ऐकावं लागतं. नेटवर्कच्या भाषेत याला ब्रॉडकास्ट म्हणतात. शिवाय वेटिंग रूममध्ये बसलेल्या नातेवाइकाचा मोबाइल आणि लॅबचा सर्व्हरही याच खोलीत शेजारी शेजारी असतात, हे जास्त काळजीचं.

यावर उपाय म्हणजे व्हीलॅन. स्विच एकच राहतो, पण त्याचे पोर्ट गटांमध्ये वाटले जातात आणि एका गटाचा आवाज दुसऱ्या गटात जात नाही. दोन स्विचमधल्या एकाच केबलवरून अनेक व्हीलॅनची वाहतूक न्यायची असेल, तर प्रत्येक फ्रेमवर व्हीलॅनच्या क्रमांकाचा शिक्का मारला जातो. ८०२.१क्यू नावाचं हे मानक १९९८ सालचं आहे. अशा केबलला ट्रंक म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीतली गडबड ट्रंकवरच होणार आहे.

आपल्या रुग्णालयात तीन व्हीलॅन आहेत. व्हीलॅन १० नोंदणी आणि बिलिंगसाठी, पत्ते `192.168.10.x`. व्हीलॅन २० लॅबसाठी, पत्ते `192.168.20.x`. व्हीलॅन ३० हे पाहुण्यांचं वाय-फाय, पत्ते `192.168.30.x`. मुख्य स्विच सर्व्हर रूममध्ये आहे आणि लॅबचा सर्व्हर थेट त्यालाच जोडलेला आहे. ओपीडीच्या इमारतीत दुसरा, साधा स्विच आहे. नोंदणीच्या खिडक्या, लॅबचे दोन कलेक्शन काउंटर आणि वाय-फायची पेटी त्याला जोडलेली आहेत. दोन्ही स्विचच्या मध्ये एक ट्रंक.

मग जोडायचं कसं?

व्हीलॅन केल्याक्षणी बिलिंगच्या कॉम्प्युटरला लॅबचा सर्व्हर दिसणं बंद होतं. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायला राउटिंग लागतं, म्हणजे आयपी पत्ता वाचून वाट ठरवणारं कुणीतरी मध्ये लागतं.

जुनी पद्धत अशी, की बाजूला एक राउटर ठेवायचा आणि स्विचपासून त्याच्यापर्यंत एक केबल टाकायची. बिलिंगकडून लॅबकडे जाणारी प्रत्येक गोष्ट त्या केबलवरून राउटरकडे जाते आणि त्याच केबलवरून परत येते. हे म्हणजे वर्ध्यातल्या एका गल्लीतून शेजारच्या गल्लीत जायला आधी नागपूरला जाऊन येण्यासारखं आहे. काम होतं, पण सगळा भार एका रस्त्यावर पडतो. सीटी स्कॅनच्या एका तपासणीच्या फायली सहज ५०० एमबी भरतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एवढ्याला ४० सेकंद लागतात, तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. त्या वेळात इतर विभाग रांगेत उभे.

लेयर थ्री स्विच हा प्रश्न पेटीच्या आतच सोडवतो. साधा स्विच फक्त मॅक पत्ता पाहतो, म्हणजे नेटवर्क कार्डाचा कारखान्यात दिलेला क्रमांक. लेयर थ्री स्विच त्यापुढे जाऊन आयपी पत्ताही वाचतो. हे वाचन त्याच्या खास चिपमध्ये होत असल्यामुळे त्याचा वेग साध्या स्विचिंगच्या जवळपास असतो.

पण राउटिंग करायचं, तर प्रत्येक व्हीलॅनमध्ये राउटरचा एक पाय हवा. खऱ्या राउटरला तो पाय म्हणजे केबल लावलेलं भोक असतं. स्विचमध्ये तसं भोक नसतं. त्याऐवजी सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला इंटरफेस असतो, त्याचं नाव स्विच व्हर्च्युअल इंटरफेस, म्हणजेच एसव्हीआय. तो हाताला लागत नाही, पण त्याला आयपी पत्ता असतो, मॅक पत्ता असतो आणि त्या व्हीलॅनमधले सगळे कॉम्प्युटर त्याला आपला गेटवे मानतात.

```
ip routing
vlan 10
 name BILLING
vlan 20
 name LAB
interface vlan 10
 ip address 192.168.10.1 255.255.255.0
 no shutdown
interface vlan 20
 ip address 192.168.20.1 255.255.255.0
 no shutdown
```

इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. `vlan 20` आणि `interface vlan 20` या वेगवेगळ्या कमांड आहेत. पहिली व्हीलॅन तयार करते, दुसरी त्याचं दार. नुसतं दार केलं आणि खोलीच केली नाही, तर दार कायम बंद दिसतं. दुसरी गोष्ट पहिल्या ओळीतली. अनेक मॉडेलवर राउटिंग मुळात बंद असतं आणि `ip routing` लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. ते नसेल, तर एसव्हीआय दिसतात चालू, पण एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात काहीच जात नाही.

एका पॅकेटचा प्रवास

नोंदणीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर `192.168.10.25` आहे आणि त्याला लॅबच्या सर्व्हरकडून, म्हणजे `192.168.20.50` कडून रिपोर्ट हवा आहे.

कॉम्प्युटर आधी स्वतःच्या मास्कशी पत्ता ताडून पाहतो. `192.168.10` आणि `192.168.20` जुळत नाहीत, म्हणजे सर्व्हर आपल्या खोलीत नाही. मग तो सर्व्हरला शोधतच नाही, आपल्या गेटवेला शोधतो. ‘`192.168.10.1` कोण आहे?’ अशी हाक तो व्हीलॅन १० मध्ये देतो. एसव्हीआय उत्तर देतो, ‘मी, आणि हा माझा मॅक पत्ता.’

आता कॉम्प्युटर पाकीट तयार करतो. आतल्या चिठ्ठीवर शेवटचा पत्ता सर्व्हरचा, बाहेरच्या पाकिटावर मॅक पत्ता एसव्हीआयचा. हे पाकीट ओपीडीच्या स्विचमधून व्हीलॅन १० चा शिक्का घेऊन ट्रंकवरून मुख्य स्विचकडे पोहोचतं.

मुख्य स्विच पाहतो, की पाकिटावर त्याचाच मॅक पत्ता आहे. म्हणजे हे पुढे ढकलायचं नाही, उघडून वाचायचं. आतला पत्ता `192.168.20.50`. वाटांच्या यादीत `192.168.20.0` हे `Vlan20` ला थेट जोडलेलं आहे. सर्व्हरचा मॅक पत्ता माहीत नसेल तर तो व्हीलॅन २० मध्ये हाक देऊन विचारून घेतो. मग जुनं पाकीट फेकून नवं तयार होतं. त्यावर पाठवणारा म्हणून एसव्हीआयचा मॅक पत्ता आणि घेणारा म्हणून सर्व्हरचा. आतल्या चिठ्ठीवरचे दोन्ही आयपी पत्ते होते तसेच राहतात, फक्त टीटीएल नावाचा एक आकडा एकाने कमी होतो.

उत्तर नेमकं उलट्या वाटेने येतं. त्यासाठी सर्व्हरवरही गेटवे म्हणून `192.168.20.1` भरलेलं असायला हवं. ते राहून गेलं, तर प्रश्न पोहोचतो पण उत्तर परत येत नाही आणि दोष बिचाऱ्या स्विचवर येतो.

‘up’ दिसतं, पण त्याचा अर्थ काय?

एसव्हीआयचा सगळ्यात कमी समजलेला भाग हा आहे. हाताला न लागणारं दार चालू की बंद हे स्विच ठरवतो कसं? केबल नसल्यामुळे दिवा पाहून ठरवता येत नाही. नियम असा, की व्हीलॅन अस्तित्वात हवा, एसव्हीआय मुद्दाम बंद केलेला नसावा आणि त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट याच स्विचवर जिवंत, म्हणजे प्रत्यक्ष वाहतूक करणाऱ्या अवस्थेत असावा. ट्रंकवरून तो व्हीलॅन जात असेल, तर ट्रंकही मोजला जातो. या वागण्याला ऑटोस्टेट म्हणतात. यामागे शहाणपण आहे. ज्या खोलीत कुणीच नाही, तिकडची वाट जगाला सांगायची कशाला?

पण ‘निदान एक’ हा शब्दप्रयोग दोन्ही बाजूंनी फसवतो. आपल्या रुग्णालयातच पाहू.

पाहुण्यांचं वाय-फाय सुरू करायचं ठरलं. तोपर्यंत ट्रंकवर फक्त १० आणि २० या व्हीलॅनना परवानगी होती. तंत्रज्ञाने मुख्य स्विचच्या ट्रंक पोर्टवर ही ओळ लिहिली:

```
interface GigabitEthernet1/0/1
 switchport trunk allowed vlan 30
```

वाय-फाय लगेच सुरू झालं. तंत्रज्ञ खूश. आणि नोंदणीच्या खिडकीवर आरडाओरडा सुरू झाला.

ही ओळ परवानगीच्या यादीत ३० हा आकडा वाढवत नाही. ती जुनी यादी पुसून फक्त ३० ठेवते. वाढवायचं असेल तर मध्ये `add` हा शब्द लागतो. नेटवर्क शिकवणारे हा सापळा वर्षानुवर्षं सांगतात आणि तो तरीही दरवर्षी कुणाला तरी पकडतो. माझ्या मते ही कमांडच वाईट घडवलेली आहे, पण आता ती बदलण्याची शक्यता नाही.

आता काय दिसेल ते नीट पाहा. मुख्य स्विचवर व्हीलॅन १० चा दुसरा एकही पोर्ट नाही, सगळ्या खिडक्या ट्रंकच्या पलीकडे आहेत. ट्रंक गेला, म्हणजे ‘निदान एक’ही उरला नाही, आणि एसव्हीआय खाली बसला. व्हीलॅन २० चं मात्र वेगळं झालं. लॅबचा सर्व्हर थेट मुख्य स्विचला असल्यामुळे एक जिवंत पोर्ट उरला आणि `Vlan20` चालूच राहिला.

```
Switch# show ip interface brief
Vlan10   192.168.10.1   YES manual up    down
Vlan20   192.168.20.1   YES manual up    up
Vlan30   192.168.30.1   YES manual up    up
```

पहिला `up` म्हणजे कुणी मुद्दाम बंद केलेलं नाही, आणि शेवटचा रकाना म्हणजे प्रत्यक्षातली स्थिती. `Vlan10` च्या ओळीत घोटाळा लगेच दिसतो. पण `Vlan20` ची ओळ निर्दोष दिसत असतानाही ओपीडीतले लॅबचे दोन्ही कलेक्शन काउंटर तुटलेले आहेत, कारण तेही ट्रंकच्या पलीकडे आहेत. म्हणजे `up up` याचा अर्थ ‘व्हीलॅनमध्ये सगळं ठीक’ असा होत नाही. या स्विचवर कुठेतरी त्याचा एक पोर्ट जिवंत आहे, एवढाच होतो.

खिडकीवर बसलेल्या माणसाला हे कसं दिसतं? ओपीडीतलाच नेटवर्क प्रिंटर चालतो. शेजारच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर दिसतो. कारण ते सगळे एकाच स्विचवर, एकाच व्हीलॅनमध्ये आहेत आणि त्यांना एसव्हीआयची गरजच नाही. फक्त सर्व्हर आणि इंटरनेट गायब. ‘प्रिंट निघते पण रिपोर्ट उघडत नाही’ अशी तक्रार आली, की केबल हलवत बसण्याआधी गेटवेकडे पाहावं.

सर्व्हरच्या बाजूने आणखी एक गमतीशीर खूण मिळते. `Vlan10` खाली बसल्यावर `192.168.10.0` ही वाट यादीतून निघून जाते. मग बिलिंगकडे जाणारी पॅकेट स्विच ‘बाकी सगळं’ या डिफॉल्ट वाटेने, म्हणजे इंटरनेटच्या फायरवॉलकडे पाठवतो. सर्व्हरवरून `tracert 192.168.10.25` दिलं, तर शेजारच्या इमारतीकडे निघालेलं पॅकेट इंटरनेटच्या दिशेने जाताना दिसतं.

शोधायचं कसं, दुरुस्त कसं करायचं?

सुरुवात त्रास होणाऱ्या कॉम्प्युटरवरून, आणि पहिला पिंग स्वतःच्या गेटवेला. `ping 192.168.10.1` ला उत्तर नसेल, तर राउटिंगचा विचारच करू नका, अडचण त्या आधीची आहे. स्विचवर जाऊन `show ip interface brief` पाहा आणि मग `show interfaces trunk`. या दुसऱ्या कमांडमध्ये कोणत्या ट्रंकवर कोणते व्हीलॅन जाऊ शकतात, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात तिथे फक्त ३० दिसेल. दुरुस्ती एका ओळीची आहे:

```
switchport trunk allowed vlan add 10,20
```

काही सेकंदांत `Vlan10` वर येतो आणि वाट यादीत परत लागते.

स्वतःचा गेटवे उत्तर देतो, पण सर्व्हर देत नाही, असं असेल तर लोक दुसऱ्या गेटवेला, म्हणजे `192.168.20.1` ला पिंग करून पाहतात आणि उत्तर आलं की राउटिंग ठीक आहे असं मानतात. ते पुरेसं नाही. तो पत्तासुद्धा त्याच स्विचचा आहे, त्यामुळे तिथून उत्तर येणं म्हणजे पॅकेट पलीकडे गेलं असं नव्हे. `show ip route` मध्ये दोन्ही नेटवर्कसमोर `C`, म्हणजे थेट जोडलेलं, असं दिसलं पाहिजे. वाटांच्या ऐवजी तिथे `Default gateway is not set` असं काही आलं, तर `ip routing` लिहायचं राहिलं आहे. आणि यादीही ठीक असेल, तर सर्व्हरचा स्वतःचा गेटवे पाहा. विंडोजची फायरवॉलही बऱ्याचदा दुसऱ्या नेटवर्कमधून आलेल्या पिंगला उत्तर देत नाही, म्हणून पिंगसोबत प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडतं का, हेही तपासावं.

एक व्यवहाराची गोष्ट. तंत्रज्ञ ओपीडीच्या खिडकीवर बसून, त्याच ट्रंकवरून स्विचमध्ये शिरला असता, तर ती चुकीची ओळ लिहिताच तो स्वतःही बाहेर फेकला गेला असता. मग सर्व्हर रूममध्ये जाऊन कन्सोल केबल लावण्यावाचून मार्ग नाही. ट्रंकला हात लावायचा असेल तर मुख्य स्विचजवळ बसूनच लावावा.

दार उघडलं, पण कुणासाठी?

आता वाय-फाय चालू आहे, बिलिंगही चालू आहे. पण `Vlan30` ला आयपी पत्ता दिल्याक्षणी आणखी एक गोष्ट घडली, जी कुणाच्या तक्रारीत येणार नाही. लेयर थ्री स्विच आपल्या सगळ्या एसव्हीआयच्या मध्ये आपोआप राउटिंग करतो. परवानगी विचारत नाही. म्हणजे वेटिंग रूममधल्या मोबाइलवरून लॅबच्या सर्व्हरपर्यंत वाट मोकळी आहे. व्हीलॅन वेगळे केले म्हणजे सुरक्षा झाली, हा समज इथे कोसळतो. वेगळेपण व्हीलॅनने दिलं होतं आणि एसव्हीआयने ते काढून घेतलं. परत मिळवायला ॲक्सेस लिस्ट लागते.

```
ip access-list extended GUEST-IN
 permit udp any any eq bootps
 deny ip any 192.168.0.0 0.0.255.255
 permit ip any any
interface vlan 30
 ip access-group GUEST-IN in
```

ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली जुळेल ती लागू होते. पहिली ओळ मोबाइलला आयपी पत्ता मागू देते, दुसरी रुग्णालयाच्या आतले सगळे पत्ते बंद करते, तिसरी इंटरनेट मोकळं ठेवते. नावं शोधून देणारा डीएनएस सर्व्हर रुग्णालयाच्या आतच असेल, तर त्याच्यासाठी `deny` च्या वर आणखी एक परवानगी लागेल. नाहीतर वाय-फाय जोडलेलं दिसेल आणि एकही वेबसाइट उघडणार नाही.

शेवटच्या ओळीतला `in` हा शब्द गोंधळात टाकतो. आपण व्हीलॅनमध्ये उभे राहून विचार करतो, स्विच स्वतःच्या पोटातून विचार करतो. `in` म्हणजे व्हीलॅन ३० मधून स्विचमध्ये शिरणारी वाहतूक, अर्थात पाहुण्यांनी पाठवलेली. चुकून `out` लिहिलं, तर हीच यादी पाहुण्यांकडे जाणाऱ्या वाहतुकीवर लागते आणि `deny` ची ओळ स्विचने राउट केलेलं, पाहुण्यांकडे निघालेलं जवळजवळ सगळं अडवते, कारण पाहुण्यांचे पत्तेसुद्धा `192.168` नेच सुरू होतात.

या यादीच्या मर्यादाही आहेत. एकाच व्हीलॅनमधल्या दोन मोबाइलमधली वाहतूक एसव्हीआयपर्यंत येतच नाही, म्हणून ती इथे अडवता येत नाही. त्यासाठी वाय-फायच्या पेटीवर वेगळी सोय असते. तसंच ही यादी प्रत्येक पॅकेट सुटं सुटं पाहते. आधी कुणी काय विचारलं होतं, हे तिच्या लक्षात राहत नाही. बिलिंगला लॅबचा सर्व्हर पाहता यावा, पण लॅबकडून बिलिंगच्या दिशेने कुणी स्वतःहून संपर्क सुरू करू नये, असा नियम हवा असेल, तर ते काम खऱ्या फायरवॉलचं आहे. अशा वेळी काही ठिकाणी संवेदनशील व्हीलॅनचा एसव्हीआय मुख्य स्विचवर ठेवतच नाहीत. त्याचा गेटवे फायरवॉलवर ठेवतात आणि थोडा वेग गमावून प्रत्येक संपर्क तपासून घेतात.